रँडप्रकरणावर प्रश्न काढताना दृष्टिकोन नको, कागद विचारा

"एम.ए.च्या इतिहासलेखनाच्या पेपरसाठी १८९७ च्या रँडप्रकरणावर, म्हणजे पुण्यातला प्लेग-अधिकारी रँड याच्या हत्येवर, तुलनात्मक प्रश्न काढायचे आहेत. मुलं 'हा साम्राज्यवादी, तो राष्ट्रवादी' एवढं लिहून मोकळी होतात, पुराव्यापर्यंत जातच नाहीत. कसले प्रश्न विचारले तर ती पुराव्यात उतरतील? सगळी मुलं पुण्यातलीच आहेत, त्याचा काही उपयोग करून घेता येईल का?"

यात मुलांचा दोष कमी आणि प्रश्नपत्रिकेचा जास्त आहे. 'रँडच्या हत्येकडे पाहण्याच्या विविध दृष्टिकोनांची तुलना करा' असा प्रश्न आला की त्याचं उत्तर गाईडमध्ये आधीच छापलेलं असतं. साम्राज्यवादी, राष्ट्रवादी, सबाल्टर्न असे तीन परिच्छेद, शेवटी 'प्रत्येकाचे आपापले महत्त्व आहे', आणि दहापैकी सहा मार्क. रँड कोण होता हे न कळताही हे उत्तर लिहिता येतं. म्हणून दृष्टिकोन विचारूच नका. एक ठोस विधान द्या आणि विचारा: हे विधान कोणत्या कागदावर उभं आहे? तो कागद कुणी, कधी, कशासाठी केला? आणि तोच कागद हातात घेऊन दुसऱ्या इतिहासकाराने वेगळं काही सिद्ध केलं आहे का?

वाचायला पाच-सहा जण देऊ नका, तीन पुरतात. मी साधारण अशी निवड करतो. पहिलं, १९१८ च्या राजद्रोह समितीचा अहवाल, म्हणजे रौलट अहवाल. हा इतिहासग्रंथ नव्हे, पण हिंदुस्थानातल्या क्रांतिकारी चळवळीची गोष्ट तो पुण्यातल्या उत्सवांपासून आणि रँडला मारणाऱ्या चापेकर बंधूंपासून सुरू करतो, आणि पुढच्या कित्येक लेखकांनी ती सुरुवात तशीच उचलली. दुसरं, स्टॅन्ली वॉल्पर्ट यांचं टिळक आणि गोखले यांच्यावरचं १९६२ चं पुस्तक. तिसरा, डेव्हिड आर्नोल्ड यांचा प्लेगवरचा लेख, सबाल्टर्न स्टडीजच्या पाचव्या खंडातला, १९८७ चा. मराठीतलं हवं असेल तर न. चिं. केळकरांच्या टिळकचरित्राचा पहिला खंड घ्या, पण केळकर टिळकांचे निकटचे सहकारी होते आणि त्यांचं चरित्र इतिहासग्रंथ आहे तसंच साधनही आहे, हे आधी सांगून ठेवा. या तिघा-चौघांत घटना एकच असली तरी तिच्या कडा निरनिराळ्या आहेत. रौलट समितीला ती कटांच्या मालिकेतली पहिली कडी वाटते, वॉल्पर्ट यांना दोन नेत्यांच्या वाटा वेगळ्या होण्यातला टप्पा वाटते, आणि आर्नोल्ड यांच्याकडे गोळीबार हा मधला एक प्रसंग आहे. त्यांचा खरा विषय आहे सरकारने लोकांच्या घरात आणि शरीरावर घातलेला हात.

प्रश्न देण्याआधी तारखा फळ्यावर लिहून घ्या. या प्रकरणात निम्मे घोटाळे तारखा न पाहिल्यामुळे होतात. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला आणि मार्चपासून पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या सुरू झाल्या. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि अफझलखानाच्या वधाची चर्चा आली. २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. टिळकांना २७ जुलैला अटक झाली आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा. दामोदर चापेकरांनी दंडाधिकाऱ्यापुढे जबाब दिला तो ८ ऑक्टोबरला, आणि त्यांना फाशी झाली १८ एप्रिल १८९८ रोजी. एवढं फळ्यावर आलं की मुलांच्या आपोआप लक्षात येतं की टिळकांना शिक्षा झाली तेव्हा गोळ्या कुणी झाडल्या हे न्यायालयासमोर आलेलंच नव्हतं. राजद्रोहाच्या कलम १२४ अ खालचा तो खटला लेखांबद्दलचा होता, खुनाबद्दलचा नव्हता. 'रँडच्या खुनाबद्दल टिळकांना शिक्षा झाली' हे वाक्य उत्तरपत्रिकांत दर वर्षी येतं. त्याचा बंदोबस्त इथेच होतो.

आता मुख्य प्रश्न. माझ्या मते सगळा तास एकाच विधानावर घालवावा, इतका माल त्यात आहे. विधान असं: 'प्लेगच्या झडत्यांत सैनिकांनी पुण्यातल्या स्त्रियांची बेअब्रू केली.' राष्ट्रवादी लेखनात हे गृहीत असतं, सरकारी लेखनात ते नाकारलेलं असतं, आणि आपल्या मुलांच्या मनात ते चित्रपट, पोवाडे आणि शाळेतल्या धड्यांतून आधीच पक्कं बसलेलं असतं. मुलांना चार कागद द्या.

पहिला कागद खुद्द रँडच्या समितीचा अहवाल. कोणत्याही स्त्रीची जाणूनबुजून बेअब्रू झाल्याची विश्वासार्ह तक्रार आपल्याकडे किंवा सैनिकांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, याबद्दल त्यात समाधान व्यक्त केलं आहे. हे वाक्य मुलांना दोन-तीनदा मोठ्याने वाचायला लावा. 'असं घडलं नाही' असं ते म्हणत नाही. 'तक्रार आली नाही' एवढंच म्हणतं, आणि तिथेही 'विश्वासार्ह' आणि 'जाणूनबुजून' अशा दोन चाळण्या लावलेल्या आहेत. तक्रार विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच. तरी हा कागद फेकून देऊ नका. झडतीची पद्धत काय होती, तुकड्यांची रचना कशी होती, रुग्णांना कुठे हलवत, हे सगळं तोच सांगतो. कारभाऱ्याने स्वतःच्या कामाचा दिलेला हिशोब म्हणून वाचला तर तो फार उपयोगी आहे, फक्त स्वतःच्या वर्तनाचं प्रमाणपत्र म्हणून त्याचा उपयोग नाही.

दुसरा कागद 'केसरी' आणि 'मराठा' यांतला मजकूर. त्यात झडत्यांबद्दलचा राग भरपूर आहे, पण मुलांनी केवळ राग मोजू नये. टिळकांनी झडत्यांना सरसकट विरोध केला नव्हता. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय काढलं आणि रोग रोखण्याच्या उपायांची गरजही मान्य केली. त्यांची तक्रार अंमलबजावणीच्या रीतीबद्दल होती. त्यामुळे 'केसरी'तला कोणता मजकूर प्रत्यक्ष एखाद्या घटनेची बातमी देतो आणि कोणता सर्वसाधारण जुलमाचं वर्णन करतो, हे मुलांना वेगळं काढायला सांगा. गल्ली आणि दिवस दिलेली बातमी पुरावा म्हणून वजनदार. 'सोल्जरांनी कहर केला' हा लोकांच्या मनःस्थितीचा पुरावा.

तिसरा कागद पंडिता रमाबाईंचा. शारदा सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या छावणीत जी वागणूक मिळाली, त्याबद्दल त्यांनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहिलं होतं. हा कागद माझ्या फार आवडीचा, कारण तो लेबलांची सगळी घडी मोडतो. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, टिळकपक्षाशी त्यांचं उभं वैर, आणि पत्र छापलं ते ख्रिस्ती मिशनरी वर्तुळातल्या पत्रात. म्हणजे 'ब्राह्मणी पत्रांनी कांगावा केला' हे सरकारी उत्तर इथे लागू पडत नाही. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर त्या साक्षीचं वजन वाढतं. पण मुलांना लगेच पुढचा प्रश्न विचारा: दोघं नेमकी एकच गोष्ट सांगताहेत का? रमाबाईंचं पत्र छावणी आणि रुग्णालयाबद्दल आहे, घरझडतीबद्दल नाही. म्हणून ते 'स्त्रियांच्या सुरक्षेची व्यवस्था धड नव्हती' या विधानाला आधार देतं, 'सैनिकांनी घरात शिरून बेअब्रू केली' याला थेट देत नाही. एवढा फरक ज्याच्या उत्तरात आला, त्याला मी डोळे मिटून चांगले मार्क देतो.

चौथा कागद गोखल्यांचा. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते विलायतेत गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी जुलैच्या सुरुवातीला 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं की सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. परत आल्यावर त्यांना हे सिद्ध करता आलं नाही. पत्र लिहिणारे पुढे यायला तयार होईनात. ऑगस्टमध्ये त्यांनी आरोप मागे घेऊन जाहीर माफी मागितली.

इथे वर्गाचे हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, माफी मागितली म्हणजे आरोप खोटा. दुसरा म्हणतो, दबावाखाली मागितली म्हणजे आरोप खरा. दोघांनाही फळ्यावरच्या तारखांकडे पाठवा. गोखले मुंबईला उतरले ते जुलैच्या अखेरीला. टिळकांना नुकतीच अटक झालेली, आणि पुण्यातले सरदार नातूबंधू यांना १८२७ च्या जुन्या नियमाखाली विनाचौकशी स्थानबद्ध केलेलं. अशा आठवड्यात पुण्यातला कोणता गृहस्थ, आपल्या किंवा शेजारच्या घरातल्या बाईचं नाव घेऊन, सरकारपुढे साक्षीला उभा राहील? तेव्हा माफीवरून एवढंच ठरतं की नावानिशी साक्ष मिळाली नाही. घटना घडली की नाही हे माफी सांगत नाही. पण साक्षीदार घाबरले असतील, हाही अंदाजच आहे, आणि अंदाजाने रिकामी जागा भरून 'म्हणून बलात्कार झालाच' असंही लिहिता येत नाही. मुलांना हे अर्धवट उत्तर आवडत नाही. त्यांना निकाल हवा असतो. तो नाही मिळत, हे त्यांनी सोसायला शिकलं पाहिजे.

आता तुलना आपसूक होते. मुलांना विचारा: वॉल्पर्ट आणि आर्नोल्ड यांनी या चारपैकी कोणता कागद कुठे वापरला, आणि कशासाठी? गोखल्यांची माफी टिळक-गोखले तुलनेच्या पुस्तकात मोठी जागा घेणारच, कारण दोघांच्या स्वभावातला आणि राजकारणातला फरक तिथे दिसतो. रोग आणि शरीर यांच्यावर लिहिणाऱ्याला मात्र घटना खरी की खोटी यापेक्षा ती सगळीकडे खरी मानली गेली, ही गोष्ट महत्त्वाची. त्याच्या लेखी अफवाही साधन आहे. 'एकाने माफीला महत्त्व दिलं, दुसऱ्याने अफवेला. कारण दोघांचे प्रश्न वेगळे होते' हे विद्यार्थ्याने पानांच्या आधाराने दाखवलं, तर सबाल्टर्न हा शब्द न वापरताही त्याने तुलना केलेली आहे.

दुसरा प्रश्न दामोदर चापेकरांच्या कागदांवर काढा. तुरुंगात त्यांनी आत्मवृत्त लिहिलं. ते पोलिसांच्या ताब्यात गेलं, त्याचा इंग्रजी अनुवाद १९१० च्या पोलिसी गोषवाऱ्यांत छापला गेला, आणि तिथून तो मुंबई सरकारने १९५८ मध्ये काढलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या दुसऱ्या खंडात आला. इंग्रजीत लिहिणारे बहुतेक अभ्यासक हाच अनुवाद वापरतात. प्रश्न असा: 'प्लेगमधल्या अत्याचारांचा सूड म्हणून चापेकरांनी रँडला मारलं, हे विधान त्यांच्याच आत्मवृत्ताच्या आधारे तपासा.' वाचायला बसल्यावर मुलं चक्रावतात. रँड पुण्यात येण्याच्याही आधी या भावांनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. सुधारकांवरचा त्यांचा राग सरकारवरच्या रागाइतकाच कडवा आहे. म्हणजे प्लेग हे एकमेव कारण धरलं तर पुतळा कशात बसवायचा? आणि धर्माभिमान हे एकमेव कारण धरलं तर इतक्या गोऱ्या अंमलदारांतून नेमका रँडच का? एकच दस्तऐवज निवडक उतारे काढून दोन्ही बाजूंना पुरतो. मुलांना सांगा, प्रत्येक लेखकाने त्यातली कोणती पानं घेतली आणि कोणती सोडली ते पेन्सिलीने खुणा करून दाखवा.

जबाब आणि आत्मवृत्त यांत गल्लत होऊ देऊ नका. जबाब पकडल्यावर दंडाधिकाऱ्यापुढे दिलेला आहे, त्याला खटल्याचं काम होतं. आत्मवृत्तात माणूस स्वतःचं आयुष्य लावून दाखवतो आहे, लहानपणापासूनच आपण असे होतो असं सांगतो आहे. फाशी समोर दिसत असताना लिहिलेल्या मजकुरात बालपणही शौर्याचं होऊन बसतं. ते खोटं असेलच असं नाही, पण १८९७ च्या जूनमध्ये त्या माणसाच्या डोक्यात काय होतं याचा तो थेट पुरावा नव्हे.

तिसरा प्रश्न 'केसरी' आणि गोळीबार यांच्या संबंधाचा. यावर लांब लिहीत नाही. १५ जूनचा अंक आणि २२ जूनची रात्र यांत सात दिवसांचं अंतर आहे, आणि सरकारी लेखनात हे अंतरच पुराव्याचं काम करतं. विद्यार्थ्याला एवढंच विचारा: 'लेख वाचून गोळी झाडली' हे दाखवायला कोणकोणते कागद लागतील, आणि रौलट अहवालात त्यांपैकी कोणते दिले आहेत? उत्तर लिहिता लिहिताच त्याला कळतं की आधी-नंतर आणि कारण-परिणाम यांची सरमिसळ कुठे झाली. उलट बाजूही तपासायला लावा. शिवाजी आणि गणपती उत्सवांत दामोदर श्लोक म्हणत असत, तेव्हा 'चापेकर आणि उत्सवांचं ते वातावरण यांचा काहीच संबंध नव्हता' असं म्हणणारं चरित्रही तितकंच तपासावं लागेल.

तुमच्या मुलांना पुण्याचा फायदा नेमका इथेच आहे. सरकारच्या भाषांतर खात्यात देशी वर्तमानपत्रांचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे तयार होत, आणि मराठी न येणाऱ्या अभ्यासकांचा 'केसरी' म्हणजे बहुधा हे गोषवारे. गोषवारा करणाऱ्याचं काम सरकारला खटकेल ते टिपणं. बाकीचा अंक, म्हणजे बाजारभाव, रुग्णालयाच्या वर्गणीचं आवाहन, वाचकांची पत्रं, त्यात गळून जातं. तुमची मुलं मूळ अंक वाचू शकतात. एखाद्या आठवड्याचा मूळ अंक आणि त्याच आठवड्याचा गोषवारा शेजारी ठेवून, काय आलं आणि काय गळलं एवढं एका पानात लिहायला सांगा. जुन्या अंकांसाठी केसरीवाड्यात आधी विचारणा करा आणि कॉलेजचं पत्र बरोबर द्या. वीस मुलांची झुंड पाठवू नका, तिघा-चौघांचा गट पाठवा. अक्षरं बारीक, भाषा जुनी, तेव्हा पहिल्या दिवशी अर्धा अंकसुद्धा होत नाही, हेही आधी सांगा.

गणेशखिंड रस्त्यावरच्या स्मारकाला आणि चिंचवडच्या चापेकर चौकाला भेट द्यायला हरकत नाही, पण ती 'आठवण कशी घडते' या वेगळ्या प्रश्नाखाली. स्मारकावरचा मजकूर १८९७ चा पुरावा म्हणून उत्तरात आला तर मार्क कापा. चित्रपटातल्या 'गोंद्या आला रे' या इशाऱ्याचंही तेच. ज्याला तो वापरायचा असेल त्याने तो कोणत्या सर्वांत जुन्या कागदात सापडतो ते सांगावं.

मार्कांचं म्हणाल तर वीस मार्कांच्या प्रश्नात निम्मे मार्क कागदाच्या ओळखीला ठेवा: कुणाचा, कधीचा, कुणासाठी, आणि इतिहासकाराच्या हातात तो मूळचा आला की अनुवाद वा गोषवारा होऊन. सहा मार्क, तोच कागद दोघांनी कसा वापरला याला. उरलेले चार, विद्यार्थ्याने स्वतः किती सिद्ध होतं आणि कुठे थांबावं लागतं हे सांगितलं असेल तर. परीक्षेत उतारे छापूनच द्या. नाहीतर प्रश्न पुन्हा पाठांतराचा होतो.

चिरोल प्रकरण मात्र परीक्षेत घालू नका. १९१० च्या पुस्तकात ब्रिटिश पत्रकार चिरोलने टिळकांचा संबंध या हत्येशी जोडला, टिळकांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते हरले. मुलं त्यावरून 'न्यायालयाने संबंध मान्य केला' असं लिहितात. बदनामीच्या दाव्यात ज्युरीपुढचा प्रश्न आणि इतिहासकारापुढचा प्रश्न एक नसतो, हे समजावायला स्वतंत्र तास लागतो. वेळ उरला तर दुसऱ्या सत्रात तो चर्चेला घ्या.